हँडआउटची चार पानं

सकाळी ६:१५

चहाचा कप बाजूला ठेवून हँडआउटची चार पानं पुन्हा एकदा वाचली. आज प्रथम वर्ष बी.एस्सी.ला रासायनिक समतोल शिकवायचा आहे, म्हणजे समतोलावर संहतीचा, दाबाचा आणि तापमानाचा परिणाम. सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी लेक्चर, नंतर तापमानाचं प्रात्यक्षिक, असा बेत आहे. पहिल्याच पानावर चौकटीत ल शातेलिए यांचं १८८४ सालचं तत्त्व छापलेलं आहे: समतोलातल्या व्यवस्थेवर बदल लादला की ती त्या बदलाला विरोध होईल अशा दिशेने सरकते.

वाक्य चांगलं आहे, पण मुलं ते पाठ करतात आणि तिथेच अडकतात. ‘विरोध’ या शब्दामुळे त्यांना वाटतं, बदल पुसलाच जातो आणि सगळं पूर्ववत होतं. म्हणून या वर्षी चौकटीखाली मी दोन ओळी हाताने लिहिल्या. Q म्हणजे आत्ता, या क्षणी भांड्यात जे आहे त्यावरून काढलेलं गुणोत्तर: वर उत्पादितं, खाली अभिक्रियाकारकं, प्रत्येकाला त्याच्या सहगुणकाचा घात. K म्हणजे समतोलाला हेच गुणोत्तर जे असायला हवं ते. Q लहान असेल तर अभिक्रिया पुढे जाते, मोठा असेल तर मागे येते. संहती आणि दाब बदलले की हलतो तो Q. तापमान बदललं की हलतो तो K. आज दिवसभर मला एवढंच सांगायचं आहे.

७:४०

प्रयोगशाळेत मामा माझ्याआधी पोचले होते. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरून ठेवलेला. आधी फेरिक नायट्रेटचं द्रावण करायला घेतलं, ०.००२ मोलर. ते साध्या पाण्यात करून चालत नाही. फेरिक आयन पाण्याशी अभिक्रिया करून पिवळट तपकिरी होतो आणि मग दिसणारा रंग नेमका कोणाचा हे सांगता येत नाही. म्हणून विरल नायट्रिक आम्लात करायचं. मामांनी फेरिक क्लोराइडची बाटलीही काढून ठेवली होती. ती परत ठेवायला सांगितली, कारण क्लोराइड स्वतःच लोहाला धरून बसतं आणि हिशेबात तिसरा भिडू येतो.

दुसऱ्या बाटलीत पोटॅशियम थायोसायनेट, तेही ०.००२ मोलर. तिसऱ्या बाटलीत नुसतं विरल नायट्रिक आम्ल, पहिल्या बाटलीतल्या इतक्याच तीव्रतेचं. मामांनी विचारलं, “मॅडम, हे कशाला? पाणी आहे की.” मी म्हटलं, “मामा, आज मुलांना पातळ करायला हेच द्यायचं. पाणी घातलं तर आम्लही पातळ होईल, आणि एका वेळी दोन गोष्टी बदलतील.”

९:०० ते ११:१०

पहिली बॅच. प्रत्येक जोडीला दोन मोठ्या बॉयलिंग ट्यूब दिल्या. दोन्हींत ५ मिलिलिटर फेरिक आणि ५ मिलिलिटर थायोसायनेट. रंग येतो तो पुस्तकात म्हणतात तसा रक्तासारखा लाल नाही. इतक्या विरल द्रावणात तो नारिंगी असतो, जरा कडक कोऱ्या चहासारखा. अभिक्रिया अशी:

Fe³⁺ + SCN⁻ ⇌ FeSCN²⁺

रंग उजवीकडच्या संयुगाचा. डावीकडचे दोघे या संहतीला जवळपास रंगहीन.

आधी सोपा भाग. असंच द्रावण भरलेल्या एका वेगळ्या नळीत तीव्र फेरिक नायट्रेटचा एक थेंब टाकला, रंग गडद झाला. थायोसायनेटचा स्फटिक टाकला, तरी गडद झाला. दोन्ही वेळा Q च्या छेदातली एक संख्या वाढली, Q घसरला, K पेक्षा लहान झाला, म्हणून अभिक्रिया पुढे गेली. मग चिमूटभर सोडियम फॉस्फेट टाकलं. ते फेरिक आयनाला बांधून टाकतं, छेद लहान होतो, Q मोठा होतो, रंग उतरतो. हे सगळ्यांना पटलं आणि पटकन वहीत उतरलं.

खरा वेळ गेला तो पुढच्या प्रश्नावर. मी म्हटलं, दोन बॉयलिंग ट्यूबपैकी एकीत १० मिलिलिटर आम्ल घालून आकारमान दुप्पट करा. रंग फिका झाला. समतोल सरकला का?

“सरकला, मॅडम, डावीकडे,” एक मुलगा म्हणाला.

“कशावरून?”

“रंग फिका झाला ना.”

चहात पाणी ओतलं तर चहाही फिका होतो, आणि तिथे कुठलाच समतोल सरकत नाही. म्हणजे रंग फिका झाला हा पुरावा पुरत नाही. पातळ झाल्यामुळे आलेला फिकेपणा आणि समतोल सरकल्यामुळे आलेला फिकेपणा वेगळा कसा करायचा? वर्ग गप्प झाला. मी त्यांना विचार करू दिला, पाचेक मिनिटं तरी. मग खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी नळी पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून आत बघायला लागली. तिने बहुधा सहज केलं असेल, पण उत्तर तेच होतं.

बाजूने पाहिलं तर प्रकाश दोन्ही नळ्यांत सारख्याच जाडीच्या द्रावणातून येतो, त्यामुळे डोळ्याला संहती दिसते. वरून पाहिलं तर पातळ केलेल्या नळीत द्रावणाची उंची दुप्पट आहे. संहती निम्मी, उंची दुप्पट, म्हणजे नुसतं पातळ झालं असेल तर वरून रंग अगदी पहिल्यासारखाच दिसायला हवा. रंगीत कण तेवढेच आहेत, फक्त लांब पसरलेत. तरीही वरून रंग कमी दिसला, तर कणच कमी झालेत.

सगळ्यांनी दोन-दोन नळ्या कागदावर धरल्या आणि माना खाली घातल्या. वरून पाहिल्यावरही पातळ केलेली नळी स्पष्ट फिकी होती. दोन जोड्यांना फरक दिसेना. त्यांनी नळ्या हातात धरल्या होत्या आणि बाजूने येणारा उजेड घोळ करत होता. नळीभोवती काळा कागद गुंडाळल्यावर त्यांनाही दिसलं.

मग फळ्यावर आकडे. हँडआउटमध्ये K १४० धरला आहे. मिसळल्यावर दोन्ही आयन ०.००१ मोलर, समीकरण सोडवलं तर रंगीत संयुग ०.०००१११ मोलर येतं, म्हणजे जेमतेम ११ टक्के. आकारमान दुप्पट केल्या क्षणी तिन्ही संहती निम्म्या होतात. पण वर एकच संहती आहे आणि खाली दोघांचा गुणाकार, म्हणून Q दुप्पट होतो, २८०. K पेक्षा मोठा. मागे सरकणार. नवीन समतोलात संयुग ०.००००३१ मोलर उरतं. नुसतं निम्मं झालं असतं तर ०.००००५५ असतं. वरून बघणाऱ्या डोळ्याला आधीच्या सुमारे ५६ टक्के रंग दिसतो. नळीतही साधारण तसंच दिसलं होतं.

११:३०

चहा. दुसऱ्या बॅचच्या नळ्या मामांनी लावून ठेवल्या.

दुपारी १२:१५

लेक्चर. हँडआउटचं दुसरं पान, दाब.

N₂O₄ ⇌ 2NO₂

डावीकडचा वायू रंगहीन, उजवीकडचा तांबूस तपकिरी. २५ अंश सेल्सिअसला, दाब वातावरणात मोजला, तर K साधारण ०.१५. मी मुद्दाम सोपे आकडे घेते: N₂O₄ चा आंशिक दाब ०.६, NO₂ चा ०.३. वर्ग ०.०९, भागिले ०.६, बरोबर ०.१५. समतोल आहे.

आता सिरिंजचा दट्ट्या दाबून आकारमान निम्मं करायचं. प्रश्न: रंग गडद होईल की फिका?

हात वर करायला सांगितले. जवळपास सगळे ‘फिका’च्या बाजूने. कारणही चोख दिलं: दाब वाढला की समतोल कमी रेणूंच्या बाजूला सरकतो, म्हणजे रंगहीन वायूकडे. दिशा बरोबर आहे, पण उत्तर अर्धंच आहे, आणि मला वाटतं या धड्यातली सगळ्यात पक्की बसलेली चूक हीच.

सोडवून बघू. दाबल्या क्षणी दोन्ही दाब दुप्पट: १.२ आणि ०.६. Q म्हणजे ०.३६ भागिले १.२, ०.३०. K च्या दुप्पट, म्हणून मागे. N₂O₄ चा दाब x ने वाढला तर NO₂ चा 2x ने कमी होईल. वर्गसमीकरण मुलांनीच सोडवलं, x आला ०.०८१. नवीन समतोल: N₂O₄ १.२८, NO₂ ०.४४. ताळा केला, परत ०.१५.

आता आकड्यांकडे नीट बघा, म्हटलं. सुरुवातीला NO₂ ०.३ होता, शेवटी ०.४४ आहे. दाबल्या क्षणी जो ०.६ झाला होता तिथून तो खाली आला, पण सुरुवातीच्या खाली गेला नाही. एकूण दाबाचंही तसंच: आधी ०.९, समतोल सरकलाच नसता तर १.८, आणि प्रत्यक्षात १.७२. व्यवस्थेने विरोध केला तो इतकाच, ०.०८ चा. बदल पुसला गेला नाही, जेमतेम बोथट झाला.

म्हणून बाजूने पाहिलं तर सिरिंज आधीपेक्षा गडद दिसणार. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मग मॅडम, पुस्तकात रंग फिका होतो असं का लिहितात?” तेवढ्यात सकाळच्या बॅचमधली ती खिडकीजवळची मुलगी म्हणाली, “वरून बघितलं तर?” मला फार आनंद झाला. सिरिंजच्या तोंडाकडून आत, लांबीच्या दिशेने पाहिलं तर वायूच्या स्तंभाची लांबी निम्मी झाली आहे. ०.४४ चा निम्मा ०.२२, आणि आधी होता ०.३. तिथून रंग फिकाच दिसेल. NO₂ चे रेणू खरोखर सुमारे २७ टक्क्यांनी कमी झालेत. म्हणून ‘फिका होतो’ हे वाक्य कुठून पाहिलं हे सांगितल्याशिवाय लिहू नये.

शेवटची दहा मिनिटं हँडआउटमधल्या आर्गॉनच्या उदाहरणाला दिली. सिरिंजचं आकारमान तेच ठेवून आत आर्गॉन सोडला तर एकूण दाब वाढतो. समतोल? सरकत नाही. ०.६ आणि ०.३ हे आंशिक दाब होते तेच राहतात, Q हलत नाही. एकूण दाबाचा काटा बघून उत्तर देणारा इथे फसतो.

१:१५

फ्यूम हूडमध्ये सिरिंज. हा वायू विषारी आहे, फुफ्फुसांना लागतो, म्हणून तो तयार करणं आणि भरणं माझ्याकडेच. तांब्याच्या किसावर तीव्र नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, वर येणारा तपकिरी वायू सिरिंजमध्ये ओढायचा आणि तोंड टोपणाने घट्ट बंद करायचं. सिरिंज रबर नसलेली, दोन भागांची घेतली. रबराला हा वायू खातो, आणि या सिरिंजचा दट्ट्या पांढरा असतो, त्यामुळे तोंडाकडून पाहताना मागे पांढरी पार्श्वभूमी मिळते.

४० वरून २० मिलिलिटरवर झटकन दाबली. काचेबाहेर चार-चार मुलं. बाजूने पाहणाऱ्यांना गडद दिसली, तोंडाकडून पाहणाऱ्यांना फिकी. जागा बदलून पुन्हा पाहिली.

एका मुलाने अजून एक गोष्ट टिपली: बाजूने बघताना रंग आधी एकदम गडद झाला आणि मग सेकंदभरात थोडा उतरला. त्याने लगेच निष्कर्ष काढला, “आधी दाबला गेला आणि मग समतोल सरकला, तो दिसला.” हे स्पष्टीकरण मीही कित्येक वर्षं वर्गात दिलं आहे. पण ते बरोबर नाही. या दोन वायूंमधला समतोल सेकंदाच्या इतक्या लहान अंशात साधतो की डोळ्याला तो सरकताना कधीच दिसणार नाही. मग सेकंदभर जे उतरताना दिसतं ते काय? झटकन दाबल्यावर वायू तापतो. शिवाय NO₂ जोडीने एकत्र येतो तेव्हा उष्णता बाहेर पडते, तीही आत साठते. गरम वायूत NO₂ जास्त टिकतो. सिरिंजच्या भिंतीतून उष्णता निघून गेली, वायू खोलीच्या तापमानाला आला, की रंग थोडा उतरतो. म्हणजे तो दाबाचा परिणाम बघत नव्हता, तापमानाचा बघत होता. मग हळूहळू, अर्धं मिनिट घेऊन दाबली, तर तो ‘आधी गडद, मग फिका’ प्रकार जवळजवळ दिसेनासा झाला.

२:३०

त्यातूनच तापमानावर आलो. हँडआउटचं तिसरं पान. तेच वायू, काचेच्या तीन सीलबंद नळ्यांत, सारखे भरलेले. एक टेबलावर, एक ६० अंशाच्या पाण्यात, एक बर्फात. पाच मिनिटांत गरम पाण्यातली गडद तपकिरी, बर्फातली फिक्कट पिवळसर.

मुलांनी सांगितलं, N₂O₄ फुटायला उष्णता लागते, मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल, म्हणून उष्णता हा जणू डावीकडचा अभिक्रियाकारक, तो वाढवला की पुढे. लक्षात ठेवायला हे ठीक आहे. पण उष्णतेला Q मध्ये जागा नाही. काय बदललं ते आकड्यांत बघा. २५ अंशाला K ०.१५. ६० अंशाला तोच सुमारे १.७, आणि शून्य अंशाला साधारण ०.०२. नळी गरम केल्या क्षणी वायूंचे दाब तापमानामुळे थोडे वाढतात, Q ०.१५ वरून ०.१७ होतो, पण K एकदम १.७ वर गेलेला असतो. Q जागच्या जागीच राहिला, लक्ष्यच दहापट दूर गेलं. सकाळपासून केलेल्या एकाही बदलात K ला धक्का लागला नव्हता. इथे लागला.

बर्फातली नळी काढल्यावर एका मुलीने तळाशी पिवळसर थेंब दाखवले. तो समतोलाचा खेळ नव्हे. N₂O₄ २१ अंशालाच उकळतो, म्हणून नळी जास्त भरली गेली असेल तर थंडीत तो द्रवरूप होतो. पुढच्या वेळी कमी वायू भरायचा, अशी नोंद केली. थेंब पडले की वायूतला रंग त्या कारणानेही उतरतो आणि तुलना बिघडते.

४:२०

स्टाफरूममध्ये दोघी-तिघी शंका घेऊन आल्या. शेवटच्या पानावर अमोनियाचं उदाहरण आहे: N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃, आणि खाली माझंच वाक्य: ‘नायट्रोजन वाढवला की समतोल पुढे सरकतो.’ त्यांनी विचारलं, “नेहमी?”

मी हो म्हणणार होते. पण दिवसभर ज्या मोजपट्टीने बघा म्हणत होते, तिनेच मलाही बघायला हवं होतं. कागद घेतला. समजा दट्ट्या मोकळा आहे, म्हणजे दाब कायम, आणि १० लिटरमध्ये ७ मोल नायट्रोजन, २ मोल हायड्रोजन, १ मोल अमोनिया समतोलात आहेत. संहती ०.७, ०.२, ०.१. हायड्रोजनचा घन घेऊन Q येतो १.७९, आणि समतोल आहे म्हणून K ही तोच. आता १ मोल नायट्रोजन घातला. दाब कायम ठेवायला आकारमान ११ लिटर झालं. नायट्रोजन थोडा वाढला, ०.७३. पण हायड्रोजन आणि अमोनिया दोघेही पातळ झाले, ०.१८ आणि ०.०९१. अमोनियाचा वर्ग, हायड्रोजनचा मात्र घन. छेद अंशापेक्षा जास्त घसरला आणि Q आला १.८९.

K पेक्षा मोठा. म्हणजे नायट्रोजन घातला आणि समतोल मागे सरकला, थोडा अमोनिया फुटून आणखी नायट्रोजन तयार झाला. तिघीही कागदाकडे बघत राहिल्या. एकीने स्वतः परत करून पाहिलं, नायट्रोजन २ मोल धरून, बाकी तेवढंच. तिला Q कमी आला, समतोल पुढे. हद्द कुठे आहे तेही आम्ही काढलं: दाब कायम असेल आणि मिश्रणात नायट्रोजन रेणूंच्या संख्येने निम्म्याहून जास्त असेल, तरच तो घातल्यावर समतोल मागे जातो. आकारमान कायम असेल तर हायड्रोजन पातळ होत नाही, आणि समतोल नेहमी पुढेच जातो.

संध्याकाळी ६:००

मामांनी वापरलेली द्रावणं गोळा करून कॅनमध्ये भरली. सिरिंज मी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रिकामी केली, नळ्या हूडमध्ये ठेवल्या.

घरी निघण्यापूर्वी हँडआउटची फाइल उघडली. चौथ्या पानावरचं वाक्य आता असं आहे: ‘आकारमान कायम असताना नायट्रोजन वाढवला की समतोल पुढे सरकतो. दाब कायम असेल तर आधी Q काढा.’ उद्याच्या बॅचसाठी ९० प्रती छापायला दिल्या आहेत. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांनी चौथ्या पानावर एवढी दुरुस्ती हाताने करून घ्यावी.